37 जण आले, 17 उरले

मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेत मुख्य सभागृहाबाहेर एक लांबलचक दालन असतं. तिथे ओळीने फलक उभे केलेले असतात आणि प्रत्येकावर एकेका अभ्यासाचा सारांश छापलेला मोठा कागद लावलेला असतो. यालाच पोस्टर म्हणतात. आकार बहुधा ए-झीरो, म्हणजे 84 सेंटिमीटर रुंद आणि 119 सेंटिमीटर उंच. ज्यानं अभ्यास केला तो, बऱ्याचदा एखादा तरुण निवासी डॉक्टर, शेजारी उभा असतो. चहाच्या सुट्टीत लोक कप हातात घेऊन समोरून जातात, शीर्षक वाचतात, मधल्या आलेखावर नजर टाकतात, खालचा निष्कर्ष वाचतात आणि पुढच्या पोस्टरकडे सरकतात.

या कागदावर आणखी एक चौकोन असतो. त्याचं नाव ‘मर्यादा’. तो सहसा तळाशी, उजव्या कोपऱ्यात, आभार आणि संदर्भ यांच्या वर कुठेतरी असतो आणि त्यातली अक्षरं सगळ्यांत बारीक असतात. पुष्कळदा तिथे एकच ओळ असते: ‘नमुना लहान होता, अधिक संशोधनाची गरज आहे.’ ही ओळ जगातल्या कुठल्याही पोस्टरवर चालेल, म्हणून ती वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

योगामुळे नैराश्यात फरक पडतो का, हा प्रश्न असा आहे की त्यावरचं पोस्टर पाहताना हा कोपऱ्यातला चौकोन आधी वाचायला हवा. योग आपल्या घरचा, त्यामुळे उत्तर ‘हो’ यावं असं आपल्याला मनापासून वाटत असतं. अशा वेळी आकडे नीट पाहणं जास्तच गरजेचं होतं. यासाठी मी एक खरा अभ्यास घेतो आहे. तो पोस्टर म्हणून नव्हे, तर पूर्ण शोधनिबंध म्हणून 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं पोस्टर करायचं ठरवलं तर मधल्या आलेखात काय येईल आणि त्या चौकोनात काय यायला हवं, ते पाहू.

अभ्यास झाला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. डेव्हिड शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. त्यांचा प्रश्न नेमका होता. नैराश्याचं निदान झालेल्या माणसाला गोळ्या सुरू होतात, काही आठवड्यांत थोडं बरं वाटू लागतं आणि मग गाडी तिथेच अडते. रडू येणं थांबतं, पण सकाळी उठवत नाही. कामावर जाता येतं, पण कशात रस वाटत नाही. डॉक्टर याला अर्धवट उतार म्हणतात. अशी माणसं थोडी नाहीत. अमेरिकेत झालेल्या आणि 2006 मध्ये निकाल जाहीर झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधानं पूर्ण उतार पडलेले रुग्ण साधारण एक तृतीयांशच होते. उरलेल्यांचं पुढे काय करायचं, हा दवाखान्यातला रोजचा प्रश्न आहे. डोस वाढवायचा, औषध बदलायचं, दुसरं जोडायचं, की समुपदेशन सुरू करायचं? शापिरोंच्या गटानं विचारलं की औषध चालूच ठेवून त्याला योगवर्गाची जोड दिली तर? पूरक उपचार म्हणतात तो हाच. योग इथे गोळीची जागा घेत नाही, तो गोळीच्या सोबत येतो.

योग कुठला, हेही त्यांनी पक्कं ठरवलं होतं. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले आणि इथेच त्यांची पद्धत घडली. 1975 पासून पुण्याच्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेतून ती जगभर गेली. पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्ची, भिंतीतले दोर यांच्या आधारानं आसन अचूक जमवणं आणि त्यात स्थिर राहणं हे तिचं वैशिष्ट्य. मन खचलेलं असेल तर छाती मोकळी करणारी, पाठीला मागे कमान देणारी आसनं आणि आधारानं केलेली उलटी आसनं यांवर या परंपरेत भर असतो. पद्धत इतकी ठरीव असल्यामुळे संशोधकाची सोय होते, कारण ‘योग दिला’ म्हणजे नक्की काय दिलं हे सांगता येतं. वर्ग ज्येष्ठ अय्यंगार-शिक्षकांनी घेतले. एका तुकडीला 20 वर्ग, अशा तीन तुकड्या झाल्या.

आता पोस्टरच्या मधोमध काय येईल ते पाहा. ज्यांनी अभ्यासक्रम आणि आधी-नंतरच्या तपासण्या पूर्ण केल्या त्यांच्यात नैराश्य, राग आणि चिंता यांचे गुण लक्षणीय कमी झाले. प्रत्येक वर्गाच्या आधी आणि नंतर मनःस्थिती कशी आहे ते विचारलं होतं, तीही वर्गानंतर सुधारलेली आढळली. हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरात जो बारीक चढउतार असतो, त्याच्या एका मापातही बदल दिसला. आणि सगळ्यांत ठळक आकडा: अभ्यास पूर्ण करणाऱ्या 17 जणांपैकी 11 जण पूर्ण उताराच्या पातळीला पोचले. म्हणजे 65 टक्के. चहाचा कप घेऊन चाललेला डॉक्टर हा आकडा पाहून थांबणारच.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण अभ्यासात नाव नोंदवलं होतं 37 जणांनी, 27 स्त्रिया आणि 10 पुरुष. त्यातले 17 शेवटपर्यंत राहिले. उरलेल्या 20 जणांची पूर्ण माहिती हाती नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी हजर असलेल्यांना ‘शिबिर कसं वाटलं?’ असं विचारलं तर उत्तर चांगलंच येणार, कारण ज्यांना जमलं नाही ते तिसऱ्याच दिवशी घरी गेलेले असतात. नैराश्याच्या अभ्यासात ही अडचण आणखी टोकदार होते. अंथरुणातून उठवत नाही, हेच तर आजाराचं लक्षण. ज्याचा आजार बळावला तो वर्गाला येणं आधी थांबवणार. उलट एखादा बरा वाटू लागल्यामुळेही थांबला असेल, किंवा त्याची कामाची वेळ बदलली असेल. आपल्याला ठाऊक नाही. म्हणून प्रामाणिक माणूस दोन्ही टोकं मांडून दाखवतो. गेलेल्या 20 जणांपैकी एकालाही उतार पडला नाही असं धरलं, तर 37 पैकी 11, म्हणजे 30 टक्के. सगळ्यांनाच पडला असं धरलं, तर 37 पैकी 31, म्हणजे 84 टक्के. खरं उत्तर 30 आणि 84 यांच्यामध्ये कुठेतरी आहे. वैद्यकीय संशोधनात मान्य असलेली शिस्त अशी की जितक्यांनी सुरुवात केली तितके सगळे छेदात धरायचे. ती पाळली तर मोठ्या अक्षरांतला 65 हा आकडा एकटा छापता येत नाही. त्याच्या शेजारी 30 लिहावाच लागतो.

आणि समजा, 17 चाच हिशेब मान्य केला. तरी 17 ही संख्या इतकी लहान आहे की दोन माणसं इकडची तिकडे झाली तर टक्केवारी बारानं हलते. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीनं काढलं तर 17 पैकी 11 या निकालामागचं खरं प्रमाण साधारण 41 ते 83 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. ‘नमुना लहान होता’ या वाक्याचा खरा अर्थ हा आहे आणि तो आकड्यातच सांगायला हवा.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सगळ्यांनीच योग केला. मग जो फरक पडला तो कशामुळे, हे कसं ठरवायचं? नैराश्य चढतं-उतरतं. माणूस अभ्यासात नाव नोंदवायला येतो तो बहुधा फार वाईट वाटत असताना, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत थोडंफार बरं वाटणं हे नुसत्या काळामुळेही घडतं. गोळ्या चालूच होत्या, त्यांचाही परिणाम हळूहळू वाढत असू शकतो. शिवाय वर्गाला जायचं म्हणजे ठरल्या वेळी घराबाहेर पडायचं, ओळखीचे चेहरे भेटायचे. एक अनुभवी शिक्षक तुमच्याकडे लक्ष देतो, खांद्याला हात लावून आसन नीट करतो, नावानं हाक मारतो. एकट्या पडलेल्या माणसासाठी हे फार मोलाचं असतं. पण हे भजनी मंडळातही मिळतं, चालण्याच्या गटातही मिळतं. तुलनेचा गट नसेल तर यातलं आसनांचं श्रेय किती आणि सोबतीचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

तिसरी गोष्ट पोस्टरवर क्वचितच लिहिली जाते. उतार म्हणजे काय, ते कुठल्या रेषेवर ठरतं? नैराश्य मोजायला जगभर वापरली जाणारी हॅमिल्टन यांची मोजपट्टी 1960 ची आहे. तिच्यात 17 बाबी आहेत आणि एकूण गुण 0 ते 52. सात किंवा त्याखाली गुण आले तर पूर्ण उतार, अशी रूढ रेषा आहे. आता अर्धवट उतार पडलेला माणूस त्या रेषेपासून फार लांब नसतोच. त्याचे गुण समजा 10 आहेत. ते 7 झाले की तो ‘पूर्ण उतार’ या रकान्यात जातो. शिवाय या 17 बाबींपैकी तीन झोपेबद्दलच्या आहेत: झोप लागायला वेळ लागणं, मध्यरात्री जाग येणं, पहाटे लवकर जाग येणं. प्रत्येकीला दोनपर्यंत गुण, म्हणजे झोपेचेच सहा. शरीर दमल्यामुळे झोप सुधारली आणि तिथले तीन गुण गेले, तर मनातली उदासी जशीच्या तशी असतानाही माणूस रेषा ओलांडू शकतो. झोप सुधारणं ही काही लहान गोष्ट नव्हे, रुग्णाला विचारा! पण ‘नैराश्य गेलं’ आणि ‘झोप सुधारली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. म्हणून किती जणांनी रेषा ओलांडली एवढ्यावर न थांबता प्रत्येकाचे गुण कुठून कुठे गेले, हे पोस्टरवर ठिपक्यांनी दाखवावं. 17 जणांसाठी 17 रेघा सहज बसतात.

या अभ्यासानं आणखी एक निरीक्षण नोंदवलं आहे. ज्यांना पूर्ण उतार पडला त्यांच्यात सुरुवातीलाच भावना सावरण्याची क्षमता इतरांपेक्षा जास्त असल्याची चिन्हं होती, काही स्वभावाच्या चाचण्यांत आणि काही शरीराच्या मापांत. योग कोणाला मानवेल हे आधीच ओळखता आलं तर किती बरं, असं वाचताच वाटतं. पण इथे तुलना आहे 11 जणांची सहा जणांशी. इतक्या थोड्या माणसांची पुष्कळ मापं घेतली की त्यातली एखाद-दोन नुसत्या योगायोगानंही वेगळी दिसतात. हे पुढच्या अभ्यासासाठी चांगलं कुतूहल आहे. दवाखान्यात रुग्ण निवडण्यासाठी ते वापरू नये.

हे सगळं ध्यानात घेऊन या अभ्यासाचा मर्यादांचा चौकोन मी लिहिला असता तर असा:

‘37 जणांनी सुरुवात केली, 17 जणांनी पूर्ण केलं. उताराचं प्रमाण पूर्ण करणाऱ्यांत 65 टक्के, सुरुवात केलेल्या सर्वांत किमान 30 टक्के. तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे सुधारणा योगामुळे झाली असं म्हणता येत नाही. काळ, चालू औषधं, शिक्षकाचं लक्ष, गटाची सोबत आणि रुग्णाची अपेक्षा यांचा वाटा वेगळा करता आला नाही. आपण योग करत आहोत हे सहभागी रुग्णांना माहीत होतं आणि मनःस्थितीची नोंद त्यांनी स्वतःच केली. सर्वांना आधीच अर्धवट उतार होता, तीव्र नैराश्याच्या रुग्णांना हे निष्कर्ष लागू करू नयेत. वर्ग ज्येष्ठ अय्यंगार-शिक्षकांनी घेतले, इतर प्रकारच्या योगाबद्दल आम्ही काही म्हणत नाही.’

यात एकही वाक्य असं नाही की जे दुसऱ्या पोस्टरवर चिकटवता येईल. चांगल्या मर्यादांची ओळख मला तरी हीच वाटते. प्रत्येक वाक्य वरच्या एखाद्या आकड्याला हात घालतं आणि तो किती धरायचा ते सांगतं. एक ओळ मी प्रत्येक योग-अभ्यासाच्या पोस्टरवर मागेन: कोणाला काय इजा झाली? पाठ धरली का, चक्कर आली का, आजार बळावला का? शीर्षासनात डोळ्यातला दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदू असणाऱ्याला तो धोका असतो. औषधाच्या अभ्यासात दुष्परिणामांचा तक्ता असतोच. योगाला तो नको, असं मानणं म्हणजे योगाला उपचार म्हणून पूर्ण मान न देणं होय.

इतक्या उणिवा असतील तर असा अभ्यास करायचाच कशाला? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की पथदर्शी अभ्यास उपचार लागू पडतो का हे ठरवण्यासाठी नसतोच. मोठा अभ्यास उभा करायला पैसा, वर्षं आणि शेकडो रुग्णांचा वेळ लागतो. त्याआधी काही साध्या गोष्टी कळायला हव्यात. माणसं नाव नोंदवतात का, टिकतात का, आसनं झेपतात का, प्रश्नावल्या भरून घेता येतात का? या दृष्टीनं पाहिलं तर ‘37 पैकी 17’ हा लपवायचा आकडा नाही. तोच या अभ्यासाचा सगळ्यांत उपयोगी निष्कर्ष आहे. पुढे जो कोणी हा प्रयोग करील त्याला तो सांगतो की निम्म्याहून जास्त माणसं गळतील असं धरून चाल, गळालेल्यांचा पाठपुरावा करायची सोय आधीच कर आणि ती का गेली हे त्यांना विचार.

हे पुढे कसं नेता येतं याचं एक उदाहरण अमेरिकेतच आहे. लिसा युबेलॅकर आणि त्यांच्या गटानं 2010 मध्ये नैराश्य रेंगाळलेल्या 11 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी म्हटलं की हे करता येण्याजोगं आणि लोकांना मानवणारं आहे का, एवढंच आम्ही पाहतो आहोत. पुढे 2017 मध्ये त्यांचा मोठा अभ्यास आला. औषध चालू असूनही नैराश्य न हटलेले 122 रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला हठयोगाचे वर्ग, दुसऱ्याला आरोग्यशिक्षणाचे. दुसऱ्या गटालाही ठरल्या वेळी घराबाहेर पडणं होतं, सोबती होते, लक्ष देणारा शिक्षक होता. फक्त आसनं नव्हती. शापिरोंच्या अभ्यासात जे वेगळं काढता आलं नव्हतं ते इथे काढता येणार होतं.

दहा आठवड्यांनी निकाल पाहिला. मुख्य कसोटी हीच ठरलेली होती. दोन्ही गटांतल्या नैराश्यात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक नव्हता. पण पुढचे सहा महिने पाठपुरावा चालू ठेवला, तेव्हा योगाचा गट पुढे गेलेला दिसला. सहा महिन्यांच्या टप्प्यावर ज्यांची लक्षणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाली होती असे योगाच्या गटात 51 टक्के होते, आरोग्यशिक्षणाच्या गटात 31 टक्के. हा निकाल कोणत्याही बाजूला पूर्ण झुकत नाही आणि संशोधकांनी तो तसाच मांडला. मुख्य कसोटीवर फरक नाही हे आधी सांगितलं, नंतरचं आशादायक चित्र मागाहून.

माझं मत याच क्रमानं बनलं आहे. औषधाला योगाची जोड दिल्यानं अर्धवट उतार पडलेल्या काही रुग्णांना फायदा होतो, तो सावकाश होतो आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा लहान असतो. तज्ज्ञ शिक्षक हाताशी असेल आणि शरीराला झेपत असेल तर डॉक्टरांना विचारून तो करून पाहायला माझी हरकत नाही. किती जणांना, कोणत्या प्रकारचा, आठवड्यातून किती वेळा, या प्रश्नांची पक्की उत्तरं 17 माणसांवरून काढता येत नाहीत.

शेवटी एक सांगणं, गोळ्या चालू असलेल्या वाचकांसाठी. वरच्या अभ्यासांत रुग्णांची औषधं चालू होती. योग सुरू करून गोळ्या बंद केल्या तर काय होतं, याबद्दल हे अभ्यास काहीही सांगत नाहीत. नैराश्याची गोळी अचानक थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होतो आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे वर्गात कोणी कितीही आपुलकीनं सांगितलं तरी डोस कमी करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या. जगणं नको असे विचार मनात येत असतील तर योगवर्गाची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.